उडी, किक आणि फेक: सांध्याची तरफ कशी मांडावी व मोजावी

शरीरातील तरफांचे तीन प्रकार आणि त्यांची ठरलेली उदाहरणे वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मानेवर तोललेले डोके पहिल्या प्रकारात, चवड्यांवर उभे राहणे दुसऱ्या प्रकारात आणि कोपरातून हात वाकवून वजन उचलणे तिसऱ्या प्रकारात मोडते, एवढे परीक्षेपुरते पुरते. मात्र खेळाडूच्या चित्रफितीतील एखादी चौकट समोर ठेवून ‘या क्षणी या सांध्यापाशी स्नायू किती बल लावत आहे’ असा प्रश्न विचारला, तर प्रकाराच्या नावावरून उत्तर निघत नाही. ते काढण्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: भारभुजा किती आहे, भार नेमका कशाचा आहे आणि अक्ष कोणता आहे. उडी मारताना घोट्यापाशी पहिली गोष्ट स्पष्ट दिसते, चेंडूला किक मारताना गुडघ्यापाशी दुसरी आणि चेंडू फेकताना खांद्या-कोपरापाशी तिसरी, म्हणून या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

आकृतीपासून सुरुवात

पहिली पायरी म्हणून एकच सांधा आणि हालचालीतील एकच क्षण निवडावा. ‘उडीतील तरफ’ असे काही नसते. जमीन सोडण्याच्या थोडे आधी, अमुक कोनात असलेल्या घोट्याची तरफ असते. त्यानंतर त्या सांध्याच्या पलीकडचा शरीराचा भाग, म्हणजे घोट्यासाठी पाऊल आणि गुडघ्यासाठी नडगी व पाऊल, कागदावर उरलेल्या शरीरापासून वेगळा काढावा आणि त्याच्यावर बाहेरून लागणारी सर्व बले बाणांनी दाखवावीत. जमिनीची प्रतिक्रिया, स्नायूबंधाची ओढ आणि त्या भागाचे स्वतःचे वजन ही बले सहसा कोणी विसरत नाही. शेजारचे हाड सांध्यातून जे बल देते, ते मात्र नेहमी विसरले जाते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्वांत मोठी चूक तिथेच होते.

दुसरी पायरी भुजा मोजण्याची आहे. भुजा म्हणजे सांध्याच्या केंद्रापासून बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी. सांध्यापासून स्नायू हाडाला जिथे चिकटतो त्या जागेपर्यंतचे अंतर नव्हे. कोपर काटकोनात असताना बायसेप्सच्या बाबतीत ही दोन अंतरे जवळपास सारखी भरतात, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याचा समज होतो की ती एकच आहेत. हात सरळ होत जातो तसे चिकटण्याचे ठिकाण तिथेच राहते, पण ओढीची रेषा सांध्याच्या जवळ सरकते आणि भुजा कमी होते. म्हणून प्रत्येक चौकटीत लंब नव्याने काढावा लागतो. बल गुणिले भुजा म्हणजे आघूर्ण, ज्याला आपण वर्गात टॉर्क म्हणतो, आणि पुढचा सगळा हिशेब आघूर्णांचाच आहे.

उडी: घोट्यापाशी भारभुजा शोधणे

उडीच्या आधी एक स्थिर स्थिती सोडवून पाहू. ६० किलोग्रॅम वजनाची विद्यार्थिनी एका पायाच्या चवड्यावर उभी आहे आणि तिची टाच जमिनीपासून जेमतेम सुटली आहे. तिचे वजन सुमारे ५८८ न्यूटन आहे. घोट्याच्या केंद्रापासून चवड्याच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचे आडवे अंतर १२.५ सेंटिमीटर आणि घोट्यापासून मागे अकिलीस टेंडनच्या रेषेपर्यंतचे लंबांतर ५ सेंटिमीटर धरू. प्रौढ माणसाच्या पावलासाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत. पावलाचे स्वतःचे वजन इथे किरकोळ असल्याने सोडून देऊ.

अनेक वह्यांमध्ये हे उदाहरण असे सोडवलेले असते: टेकू चवड्यापाशी, शरीराचे वजन मध्ये घोट्यावर आणि पोटरीचे बल सर्वांत मागे, म्हणून ही दुसऱ्या प्रकारची तरफ. बलभुजा १७.५ सेंटिमीटर आणि भारभुजा १२.५ सेंटिमीटर घेतली की ५८८ × १२.५ ÷ १७.५ म्हणजे ४२० न्यूटन हे उत्तर मिळते. पोटरीला शरीराच्या वजनापेक्षा कमी बल पुरते, दुसऱ्या प्रकारची तरफ बलाचा फायदा देते, असा निष्कर्ष त्याखाली लिहिलेला असतो.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे आकृतीवरूनच ओळखता येते. पावलावरची उभी बले मोजून पाहा. जमीन वरच्या दिशेने ५८८ न्यूटन देते, टेंडन वरच्या दिशेने ४२० न्यूटन ओढतो आणि खाली दाबणारे बल घोट्यापाशी फक्त ५८८ न्यूटन दाखवले आहे. म्हणजे ४२० न्यूटन वरच्या दिशेने शिल्लक उरतात, आणि तसे खरोखर असते तर पाऊल स्थिर राहिलेच नसते. चूक कुठे झाली? पोटरीचे स्नायू नडगीच्या आणि मांडीच्या हाडाला धरून पावलाला वर ओढतात, त्यामुळे ते तितक्याच बलाने नडगीला खाली पावलावर दाबतातही. म्हणून घोट्यातून पावलावर येणारे बल केवळ वजनाइतके नसून वजन अधिक टेंडनची ओढ इतके असते.

आता हिशेब पुन्हा करू, आणि या वेळी अक्ष घोट्याच्या केंद्रात घेऊ, म्हणजे सांध्यातील अज्ञात बलाची भुजा शून्य होऊन ते समीकरणातून निघून जाईल. जमिनीची प्रतिक्रिया १२.५ सेंटिमीटर पुढे आहे आणि टेंडन ५ सेंटिमीटर मागे आहे, म्हणून टेंडनमधील बल ५८८ × १२.५ ÷ ५, म्हणजे १४७० न्यूटन येते. हे शरीराच्या वजनाच्या अडीच पट आहे. घोट्यावरचा दाब १४७० अधिक ५८८, म्हणजे २०५८ न्यूटन होतो. पडताळणीसाठी आता अक्ष चवड्यापाशी घ्यावा: टेंडनचे आघूर्ण १४७० × १७.५ आणि घोट्यावरच्या दाबाचे आघूर्ण २०५८ × १२.५, आणि दोन्ही गुणाकार २५,७२५ येतात.

यात प्रकाराच्या नावाचे काय होते, ते नीट पाहावे. अक्ष घोट्यात घेतला तर एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला टेंडन, म्हणजे ही पहिल्या प्रकारची तरफ ठरते. अक्ष चवड्यापाशी घेतला तर दुसऱ्या प्रकारची. सर्व बले दाखवलेली असतील तर दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते, म्हणून प्रकारावर वाद घालण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सांध्याचे केंद्र हाच अक्ष धरण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण त्यामुळे सांध्यातील बल विसरले तरी उत्तर बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष उडीकडे येऊ. फोर्स प्लेट नसेल तरी जमिनीच्या प्रतिक्रियेचा सरासरी अंदाज फोनच्या चित्रफितीवरून काढता येतो. समजा याच विद्यार्थिनीने दोन्ही पायांनी सरळ वर उडी मारली, ती ०.५ सेकंद हवेत होती आणि तळाच्या स्थितीतून वर उठून जमीन सोडेपर्यंत तिला ०.३ सेकंद लागले. हवेतील निम्मा वेळ गुणिले ९.८ केले की जमीन सोडतानाचा वेग प्रतिसेकंद सुमारे २.४५ मीटर मिळतो. तो वेग ०.३ सेकंदांत मिळवायचा तर सरासरी त्वरण सुमारे ८.२ येते, आणि जमिनीची सरासरी प्रतिक्रिया ६० × (९.८ + ८.२), म्हणजे १०८० न्यूटन, अर्थात एका पायावर ५४० न्यूटन भरते. हवेतील वेळ मोजताना जमीन सोडताना आणि परत टेकताना पाय सारखेच सरळ असले पाहिजेत. गुडघे वाकवून उतरल्यास वेळ लांबतो आणि उडी खोटी उंच दिसते. शिवाय हा आकडा सरासरी आहे, सर्वोच्च बल याहून बरेच मोठे असते, हेही अहवालात नमूद करावे.

टाच जेमतेम सुटलेली असताना या ५४० न्यूटनांसाठी टेंडनला अडीच पट, म्हणजे १३५० न्यूटन बल लागेल. मात्र टाच वर जाते तशी भारभुजा बदलते, आणि उडीतील तरफेचे खरे मर्म मला यातच वाटते. घोट्याचे केंद्र चवड्यापेक्षा सुमारे ७ सेंटिमीटर उंच धरले तर चवडा आणि घोटा जोडणारी रेषा सुमारे १४.३ सेंटिमीटर लांब आणि जमिनीशी २९ अंशांनी कललेली असते. पाऊल चवड्यावर आणखी ३० अंश उचलले गेले की तीच रेषा ५९ अंशांवर जाते आणि तिची आडवी लांबी १२.५ वरून साधारण ७.३ सेंटिमीटरवर येते. टेंडनची भुजा ५ सेंटिमीटरच धरली, तर गुणोत्तर अडीचवरून जवळजवळ दीडवर उतरते आणि तेवढ्याच प्रतिक्रियेसाठी सुमारे ७९० न्यूटन पुरतात. सायकलीचा गिअर चालता चालता बदलावा, तसे हे गुणोत्तर एकाच उडीत सतत बदलत असते. प्रत्यक्षात टेकण्याची जागा बोटांकडे पुढे सरकते, त्यामुळे भारभुजा एवढी कमी होत नाही. फोर्स प्लेट असेल तर तिने दाखवलेला दाबाचा केंद्रबिंदूच घ्यावा.

किक: भार चेंडूचा नसतो

फुटबॉलला मारलेल्या किकची आकृती काढायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी गुडघा हा टेकू, क्वाड्रिसेप्सचे बल आणि पावलापाशी चेंडू हा भार असे दाखवतात. गुडघ्याच्या वाटीखालचा पटेलर टेंडन सांध्याच्या केंद्रापासून साधारण ४ सेंटिमीटर अंतरावरून जातो आणि पावलाची चेंडूला लागणारी जागा गुडघ्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असते, म्हणून ही तिसऱ्या प्रकारची तरफ, हेही बरोबर असते. फक्त भार चुकलेला असतो. चेंडू आणि पाऊल यांचा संपर्क साधारण १० मिलिसेकंद टिकतो. त्याआधीच्या सगळ्या वेळात, म्हणजे क्वाड्रिसेप्स आपले काम करत असताना, चेंडू पावलाला लागलेलाच नसतो. तोपर्यंत स्नायूचा भार म्हणजे खेळाडूची स्वतःची नडगी आणि पाऊल, आणि त्यातही त्यांचे वजन नव्हे, तर त्यांचे जडत्व.

वजन आणि जडत्व यांतील फरक आकड्यांत पाहू. ६० किलोग्रॅमच्या खेळाडूच्या नडगीचे आणि पावलाचे मिळून वस्तुमान सुमारे ३.६ किलोग्रॅम असते आणि त्यांचे गुरुत्वमध्य गुडघ्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर असते. नडगी पूर्ण आडवी असताना वजनाचे आघूर्ण सर्वाधिक, तरीही ९ न्यूटन-मीटरच्या आसपासच असते. याच भागाचे गुडघ्याभोवतीचे जडत्व आघूर्ण साधारण ०.३३ किलोग्रॅम-वर्गमीटर धरता येते. किक मारताना नडगीला समजा प्रतिसेकंद-वर्ग ३०० रेडियन इतके कोनीय त्वरण द्यायचे आहे, त्यासाठी ०.३३ × ३००, म्हणजे सुमारे १०० न्यूटन-मीटर आघूर्ण लागते, वजनाच्या दहा पटींहून अधिक. हे सगळे ४ सेंटिमीटरच्या भुजेवरून एकट्या पटेलर टेंडनने द्यायचे म्हटले तर त्यात २५०० न्यूटन बल निर्माण व्हावे लागेल. गुडघ्याची वाटी नसती तर ही भुजा आणखी लहान होऊन बल याहूनही मोठे लागले असते.

एवढे मोठे बल खर्चून मिळते काय, तर वेग. नडगी गुडघ्याभोवती प्रतिसेकंद २५ रेडियनने फिरत असेल, तर टेंडनचा वेग ०.०४ × २५, म्हणजे प्रतिसेकंद १ मीटर असतो आणि पावलाचा गुडघ्याच्या तुलनेत ०.४ × २५, म्हणजे १० मीटर. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून स्नायूला हळू आखडू देऊन पावलाला दसपट वेग देणारी ही आखूड बलभुजा किकसाठी तोट्याची नसून आवश्यक आहे.

इथे एक मर्यादा सांगणे भाग आहे. वरचा हिशेब गुडघा जागेवर स्थिर असल्यासारखा केला आहे. खऱ्या किकमध्ये मांडी आधी पुढे येते, मग मंदावते, आणि त्या मंदावण्यामुळे नडगीला पुढे फेकणारे आघूर्ण गुडघ्यातून आपोआप मिळते. म्हणून १०० न्यूटन-मीटर हे सगळे क्वाड्रिसेप्सचेच आहे असे लिहू नये. अहवालात ‘स्थिर गुडघा धरून’ असे स्पष्ट लिहावे आणि चित्रफितीत गुडघ्याचा स्वतःचा वेग वेगळा मोजून दाखवावा. फोनचा कॅमेरा सेकंदाला ३० चौकटी टिपत असेल, तर दोन चौकटींमध्ये ३३ मिलिसेकंद निघून जातात आणि संपूर्ण संपर्क त्या फटीत हरवू शकतो. म्हणून किकसाठी सेकंदाला २४० चौकटींची स्लो-मोशन सोय वापरावी आणि पावलाचा वेग संपर्काच्या आधीच्या चौकटींवरून काढावा, संपर्कानंतरच्या नव्हे.

फेक: अक्ष कोणता?

सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारा क्षेत्ररक्षक घेऊ. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स कोपराच्या मागच्या टोकाला चिकटतो. अक्ष मध्ये, स्नायू मागे आणि चेंडू पुढे, म्हणून ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. पहिल्या प्रकारात बलाचा फायदाही मिळू शकतो, असे पाठ केलेले असते, पण इथे बलभुजा सुमारे २ सेंटिमीटर आणि कोपरापासून हातातील चेंडूपर्यंतचे अंतर साधारण ३३ सेंटिमीटर आहे. वागणुकीने ही तरफ किकमधल्या तिसऱ्या प्रकारच्या तरफेसारखीच, वेगासाठी बनलेली आहे. भाराचा प्रश्न मात्र इथे वेगळा आहे, कारण सुटेपर्यंत चेंडू हातातच असतो: १६० ग्रॅमच्या क्रिकेट चेंडूचे कोपराभोवतीचे जडत्व आघूर्ण साधारण ०.०१७ आणि हात व पुढच्या बाहूचे सुमारे ०.०५ किलोग्रॅम-वर्गमीटर, म्हणजे चेंडूमुळे भारात साधारण एक तृतीयांश भर पडते.

खरी अडचण खांद्यापाशी येते. फेकताना दंडाचे हाड स्वतःच्या लांबीभोवती आतल्या बाजूला वेगाने फिरते, आणि फेकीतील सर्वांत वेगवान फिरकी हीच असते. या फिरकीचा अक्ष दंडाच्या लांबीतून जातो, त्यामुळे भारभुजा म्हणजे खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर नसून दंडाच्या रेषेपासून चेंडूपर्यंतचे लंबांतर असते. कोपर काटकोनात असताना ते पूर्ण ३३ सेंटिमीटर असते, दंड व पुढचा बाहू यांतील कोन १५० अंश झाला की १६.५ सेंटिमीटर उरते आणि हात पूर्ण सरळ झाला की शून्यावर येते. दुसरीकडे, धड आणि खांदा ज्या उभ्या अक्षाभोवती हाताला पुढे आणतात, त्याच्यासाठी कोपर उघडल्याने भुजा वाढते. एकाच हालचालीने एका अक्षाची भुजा घटते आणि दुसऱ्याची वाढते, म्हणून ‘हात सरळ ठेवला की तरफ लांब आणि फेक वेगवान’ हे विधान अक्ष सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

क्रिकेटमध्येच याची तुलना उपलब्ध आहे. गोलंदाजाचा हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होऊ नये असा आयसीसीचा नियम आहे, त्यामुळे कोपराची तरफ त्याला जवळपास वापरताच येत नाही आणि तो जवळपास सरळ हाताची, खांद्याभोवती फिरणारी लांब तरफ वापरतो. क्षेत्ररक्षकावर असे बंधन नसते. तो कोपर वाकवून जडत्व कमी ठेवतो, दंड आतल्या बाजूला फिरवतो आणि कोपर शेवटी उघडतो. दोघांच्या चित्रफिती शेजारी ठेवून प्रत्येक चौकटीत दोन्ही अक्षांपासून चेंडूचे लंबांतर मोजणे हा या विषयावरचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रात्यक्षिक सराव आहे.

या मोजणीत एक धोका आहे. उडी आणि किक बहुतांशी एका प्रतलात घडतात, त्यामुळे बाजूने लावलेला एक कॅमेरा चालतो; फेक तशी नसते. पुढचा बाहू कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर कलला की पडद्यावर तो आखूड दिसतो आणि कोपराचा कोनही खोटा दिसतो. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वी सलग चौकटींमध्ये कोपर ते मनगट हे अंतर पडद्यावर मोजून पाहावे. हाडाची लांबी बदलत नाही. पडद्यावरची लांबी एका चौकटीतून दुसरीत लक्षणीय बदलत असेल, तर त्या चौकटींमधील भुजा आणि कोन हिशेबात घेऊ नयेत आणि काटकोनात लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची चित्रफीत मिळवावी. ती मिळणे शक्य नसेल, तर त्या चौकटी कोष्टकात वेगळ्या दाखवून फेकीचा हिशेब फक्त उरलेल्या चौकटींपुरता मर्यादित ठेवावा.